सहकाऱ्याला मनातलं सांगू का? यी चिंगच्या ‘हो-नाही’ उत्तराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी मित्रमंडळींसाठी यी चिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथाची नाणी टाकतो. पैसे घेत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणाने विचारतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: ऑफिसातल्या जवळच्या माणसाबद्दल काहीतरी वाटायला लागलंय, बोलू की नको? खालचे प्रश्न त्यातूनच जमले आहेत. उत्तरांत एकच उदाहरण पुन्हा पुन्हा येईल. ते माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर घडलं आणि ज्या मैत्रिणीचं आहे तिने ‘नाव सोडून काय ते लिही’ असं सांगितलंय.

हेक्साग्राममधून सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळतं का?

नाही मिळत. हेक्साग्राम म्हणजे एकावर एक रचलेल्या सहा रेषा. काही अखंड, काही मधोमध तुटलेल्या. अशा एकूण ६४ आकृत्या आहेत. प्रत्येकीला एक नाव, एक छोटंसं मुख्य वचन आणि सहा रेषांची सहा वेगळी वचनं. या वचनांत हो-नाही कुठेच नसतं, असतात ते शेरे: शुभ, अशुभ, धोका, पश्चात्ताप, ओशाळवाणं, ‘दोष नाही’. काही रेषांना तर शेराच नाही, नुसतं एक चित्र देऊन सोडलेलं आहे.

घोटाळा होतो तो मधल्या शेऱ्यांपाशी. ‘दोष नाही’ वाचलं की मन लगेच ‘हो’ म्हणतं, पण त्याचा अर्थ एवढाच की हे केल्याने तुमच्यावर ठपका येणार नाही. समोरचा खूश होईल असं त्यात काही नाही. ‘ओशाळवाणं’ म्हणजे सत्यानाश नव्हे. नंतर आठवलं की कान गरम होतात, तसं काहीतरी. ॲपवर हिरवी किंवा लाल खूण येते तेव्हा हे सगळे शेरे दोनच डब्यांत कोंबलेले असतात. कुठला शेरा कुठल्या डब्यात टाकायचा हे ॲप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं.

चिनी लोकांना हो-नाही हवं असतं तेव्हा त्यांच्याकडे त्यासाठी वेगळं साधन आहे. तैवानच्या देवळांत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आली की देवाचा होकार. दोन्ही फुगीर वर आल्या की नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट विचार. आपल्याकडे कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात आणि मूर्तीवर चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूची पडते ते पाहतात, तोच हा प्रकार. तुम्हाला खरोखर फक्त हो-नाही हवं असेल तर कौल लावणं जास्त प्रामाणिक. यी चिंग उघडलीत तर चित्र वाचायची तयारी ठेवा.

मग प्रश्न कसा विचारायचा?

माझ्या मैत्रिणीने वहीत पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘त्याला माझ्याबद्दल काही वाटतं का?’ मी ते खोडायला लावलं. नाणी तिच्या हातात आहेत, त्याच्या नाहीत. त्याच्या मनात काय आहे याचं उत्तर म्हणून आलेलं कुठलंही वचन तिला हवं तसं वाकवता आलं असतं, आणि ते तपासायला काही मार्गही नव्हता.

मग तिने लिहिलं, ‘सांगू की नको?’ हे जरा बरं, पण एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. ‘शुभ’ आलं तर ते सांगणं शुभ की न सांगणं शुभ? हा गोंधळ नाणी टाकल्यानंतर लक्षात येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो, कारण आता माणूस सोयीची बाजू निवडतो.

शेवटी ठरलेला प्रश्न असा: ‘या महिन्यात मी त्याला सांगितलं, तर ते माझ्यासाठी कसं ठरेल?’ यात कृती एक आहे, करणारी तीच आहे आणि मुदत आहे. मुदत फार महत्त्वाची. यी चिंगची बरीचशी वचनं ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ यांतल्या फरकावरच उभी आहेत, आणि प्रश्नात वेळच नसेल तर ‘थांब’ या उत्तराचं काय करायचं ते कळत नाही.

नाणी कशी टाकायची?

एकसारखी तीन नाणी घ्या. छाप्याला ३ आणि काट्याला २ असं मोजायचं, निदान मी तसं मोजतो. उलटं मोजणारेही आहेत. काहीही धरा, पण टाकण्याआधी ठरवा. तिन्ही नाणी एकदम टाकून बेरीज करा: ६, ७, ८ किंवा ९ येते. ७ म्हणजे अखंड रेषा, ८ म्हणजे तुटलेली. ६ ही तुटलेलीच, पण अखंड होऊ घातलेली, आणि ९ ही अखंड, पण तुटू घातलेली. या ६ आणि ९ ला बदलत्या रेषा म्हणतात. असं सहा वेळा करायचं आणि रेषा खालून वर मांडायच्या. वरून खाली मांडल्या की भलताच हेक्साग्राम येतो. नवशिक्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

मैत्रिणीचे सहा टाक असे पडले, खालून वर:

पहिली रेषा: छापा, छापा, काटा = ८
दुसरी: काटा, काटा, काटा = ६
तिसरी: छापा, काटा, काटा = ७
चौथी: छापा, काटा, काटा = ७
पाचवी: छापा, काटा, काटा = ७
सहावी: छापा, छापा, काटा = ८

दुसऱ्या टाकात एक नाणं टेबलावरून घरंगळत फ्रीजखाली गेलं. ते झाडूने बाहेर काढेपर्यंत बाकीच्या दोन नाण्यांवरचे काटे ती टक लावून बघत होती. नाणं टेबलाखाली गेलं तर तो टाक रद्द करून पुन्हा टाकायचा, असा माझा नियम आहे आणि तो तिला आधीच सांगितलेला होता. वर दिलेले तीन काटे पुन्हा टाकल्यावरचे. फ्रीजखालच्या नाण्यावर काय होतं ते मी बघितलं नाही आणि तिलाही बघू दिलं नाही.

या टाकाचा अर्थ काय निघाला?

खाली तुटलेली, तुटलेली, अखंड: हा डोंगर. वर अखंड, अखंड, तुटलेली: हे तळं. डोंगराच्या माथ्यावर तळं म्हणजे ३१वा हेक्साग्राम, ‘श्यान’. योगायोग बघा, ६४ मधला हा नेमका परस्पर ओढीचा हेक्साग्राम आहे. जुन्या टीकेत ‘श्यान’ म्हणजेच ‘गान’, मनाला स्पर्श होणं, असं सांगितलंय. चिनी लिपीत ‘श्यान’च्या अक्षराखाली हृदयाचं अक्षर लिहिलं की ‘गान’चं अक्षर तयार होतं. डोंगर हा धाकटा मुलगा आणि तळं ही धाकटी मुलगी असं मानतात, आणि इथे मुलगा खाली बसलाय, म्हणजे त्याने नमतं घेतलंय. मुख्य वचन सांगतं: यश, सरळपणाने राहणं हिताचं, मुलीशी लग्न करणं शुभ.

हे वाचून ती खुर्चीतून उठलीच. ‘झालं की मग! उद्याच सांगते.’

मी तिला परत बसवलं, कारण तिची दुसरी रेषा बदलती होती. या हेक्साग्रामच्या सहा रेषा माणसाच्या अंगावरून पायापासून वर चढत जातात. पहिली पायाच्या अंगठ्यात, दुसरी पोटरीत, तिसरी मांडीत. चौथ्या रेषेत अवयवाचं नाव नाही, पण तिथे मन हेलपाटे घालतं, म्हणून ती हृदयाची मानतात. पाचवी पाठीच्या मांसात, सहावी जबडा, गाल आणि जीभ यांत. दुसऱ्या रेषेचं वचन आहे: ‘ओढ पोटऱ्यांत. अशुभ. थांबलं तर शुभ.’

पोटरीच का? उभं राहून एक पाऊल टाकून बघा. पाय उचलायच्या आधी पोटरी ताठ होते. कुठे जायचं हे ठरायच्या आत शरीर निघालेलं असतं. नुकतीच खुर्चीतून उठलेल्या बाईला हे समजावून सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत.

आणि तिची परिस्थिती अशी होती. मार्चचा दुसरा आठवडा. ऑडिटचं काम टिपेला. तो सहकारी एरवी तिच्या बरोबरीचा, पण त्या कामापुरता टीमचा प्रमुख होता आणि काम संपल्यावर तिच्याबद्दलचा अभिप्राय तोच लिहिणार होता. रोज दुपारी दोघं एकत्र डबा खात. तिने आत्ता सांगितलं असतं तर ‘नाही’ म्हणणं त्याला अवघड गेलं असतं आणि ‘हो’ म्हणणं त्याहून अवघड. तिच्या अभिप्रायावरही लोकांनी नंतर बोट ठेवलं असतं. ‘थांबलं तर शुभ’ याचा तिच्यापुरता अर्थ होता: अभिप्राय लिहून होईपर्यंत थांब. हा अर्थ पुस्तकात नव्हता. पुस्तकाने पोटरी दाखवली, मार्च महिना तिने स्वतः ओळखला.

नाव शुभ आणि रेषा अशुभ, तर ऐकायचं कुणाचं?

रेषेचं. या बाबतीत बहुतेक लोक बाराव्या शतकातल्या चू शी या पंडिताचे नियम वापरतात. बदलती रेषा एकही नसेल तर मुख्य वचन वाचा. एक असेल तर त्या रेषेचं वचन हेच उत्तर. दोन असतील तर दोन्ही वाचा, पण वरच्या रेषेला मान जास्त. तीन असतील तर मूळ आणि बदललेल्या, दोन्ही हेक्साग्रामची मुख्य वचनं वाचा. त्यापुढचे नियम आहेत, पण तीन नाण्यांनी चार किंवा जास्त बदलत्या रेषा शंभरात तीन-चार वेळाच येतात. सगळ्यात जास्त वेळा, म्हणजे साधारण शंभरात ३५ वेळा, एकच बदलती रेषा येते.

म्हणून ‘३१ नंबर आला, प्रेमाचा आहे, सांगून टाक’ हे वाचन अर्धवट. त्याच ३१ मध्ये तिसरी रेषा ‘पुढे गेलास तर ओशाळवाणं’ म्हणते आणि पाचवी ‘पश्चात्ताप नाही’ म्हणते. नाव विषय सांगतं, पण तुम्ही त्या विषयात कुठे उभे आहात ते रेषेवरून कळतं.

जिभेची रेषा आली तर? सांगण्याची रेषा तीच ना?

हा प्रश्न मला फार आवडतो. सहावी रेषा म्हणजे अक्षरशः तोंड: ‘ओढ जबड्यात, गालांत, जिभेत.’ पुढे शेरा नाही. शुभ नाही, अशुभ नाही, काहीच नाही. टीकाकार एवढंच म्हणतो की हे नुसतं तोंड चालवणं आहे. म्हणजे जी गोष्ट अंगठ्यापासून पाठीपर्यंत अंगात भिनायला हवी होती ती आता फक्त बोलण्यापुरती उरली.

ही रेषा एकटीच बदलती असेल तर ३१ चा ३३ होतो, आणि ३३ म्हणजे माघार. मी ही रेषा अशी वाचतो: तुमच्याकडे भाषण तयार आहे. आरशासमोर म्हणून झालंय, मैत्रिणीला मेसेजवर पाठवून झालंय, तिने दोन दुरुस्त्याही सुचवल्यात. अशा भाषणाने समोरचा माणूस मागे सरकतो. सांगायचंच असेल तर भाषण टाकून द्या आणि दोन साधी वाक्यं बोला. ही मात्र माझी समजूत, पुस्तकात एवढं काही नाही.

बदललेला दुसरा हेक्साग्राम म्हणजे पुढे काय होणार ते का?

भविष्य म्हणून वाचू नका. मैत्रिणीची दुसरी रेषा अखंड झाली की खालचा डोंगर वारा होतो आणि तयार होतो २८वा, ‘ता क्वो’. रेषा बघा: वर-खाली तुटलेल्या आणि मध्ये चार अखंड. मधोमध जड आणि दोन्ही टोकांना कमकुवत असं लाकूड. वचनही तेच म्हणतं: घराचं आढं वाकलंय, कुठेतरी निघणं हिताचं, यश.

मी याला पार्श्वभूमी म्हणून वाचतो. पोटरीच्या घाईने गेलीस तर आढ्यावर हा भार येईल. दोघांची मैत्री, टीम, अभिप्राय, डबा, सगळं एकाच लाकडावर. ‘निघणं हिताचं’ हा भाग तिला लगेच दिसला, कारण तिला निघायचंच होतं. पण एकच रेषा बदलती असेल तर उत्तर पहिल्या हेक्साग्रामच्या त्या रेषेचं, आणि तिथे ‘थांबलं तर शुभ’ लिहिलेलं आहे. दुसऱ्या हेक्साग्राममधून आवडलेलं वाक्य उचलणं ही पळवाट आहे, आणि ती मी स्वतः अनेकदा वापरली आहे.

जाणकाराकडून वाचून घेतलं तर ‘हो-नाही’ नक्की कळेल ना?

जाणकार कुणाचं मीठ खातो यावर अवलंबून. याच २८व्या हेक्साग्रामची एक जुनी गोष्ट ‘त्स्वो च्वान’ या चिनी इतिवृत्तात आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात छी राज्यात त्स्वेई चू नावाचा बलाढ्य मंत्री होता. एका अधिकाऱ्याच्या निधनानंतर तो सांत्वनाला गेला आणि त्या अधिकाऱ्याची विधवा त्याच्या मनात भरली. तिचा भाऊ त्स्वेई चूच्याच पदरी होता. ‘आपलं कूळ एकच, हे लग्न बसत नाही,’ असं भावाने सांगून पाहिलं. मग त्स्वेई चूने हेक्साग्राम काढला. ४७वा, ‘खुन’ म्हणजे कोंडी, आणि तिसरी रेषा बदलती, त्यामुळे दुसरा २८वा.

राज्यातले सगळे ज्योतिषी म्हणाले, ‘शुभ.’ छन वन्‌त्झ नावाच्या एकाच माणसाने रेषा मोठ्याने वाचली: समोर दगड, टेकायला काटेरी झुडूप, घरात शिरतो तर बायको दिसत नाही, अशुभ. त्स्वेई चूचं उत्तर होतं, ‘ती विधवा आहे, काय बिघडलं? ते अशुभ तिच्या पहिल्या नवऱ्याने भोगलं.’ आणि त्याने लग्न केलं. पुढे छीच्या राजाने तिच्याशी संबंध ठेवले, इ.स.पू. ५४८ मध्ये त्स्वेई चूच्या वाड्यात राजाचा खून झाला, आणि दोन वर्षांत त्स्वेई चूचं घरदार संपलं. बायकोने गळफास घेतला. तो परतला तेव्हा परतायला घरच उरलं नव्हतं.

रेषा खरी ठरली म्हणून ही गोष्ट मी सांगत नाही. इतिवृत्तं नंतर लिहिली जातात आणि लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. मला त्यातले ज्योतिषी महत्त्वाचे वाटतात. त्या खोलीतल्या प्रत्येकाला मालकाला काय हवंय ते माहीत होतं. तुमची जिवलग मैत्रीण तुमचा हेक्साग्राम वाचते तेव्हा तिलाही ते माहीत असतं. म्हणून वाचून घ्यायचंच असेल तर आधी रेषेचं वचन द्या, माणसाचं नाव आणि तुमचं मन नंतर सांगा.

‘शुभ’ आलं म्हणजे सांगायची परवानगी मिळाली, असं समजायचं का?

त्याच इतिवृत्तात नान ख्वायची गोष्ट आहे. तो आपल्या धन्याविरुद्ध बंडाच्या तयारीत होता, आणि हेक्साग्राममध्ये रेषा आली ‘पिवळं वस्त्र, परम शुभ’. हरखून त्याने ती एका जाणत्याला दाखवली, कशासाठी ते न सांगता. जाणता म्हणाला, निष्ठेचं काम असेल तर जमेल, नसेल तर फसेल. वाकड्या कामासाठी हे विचारायचं नसतं. बंड फसलं.

ऑफिसातल्या प्रेमात बंड नसतं, पण अट तीच. ‘शुभ’ हे काही गृहीत धरून असतं आणि ते गृहीत तुम्हाला तपासावं लागतं. ती व्यक्ती तुमच्या हाताखाली आहे का? तिची बढती, रजा, अभिप्राय तुमच्या सहीवर आहे का? ती आधीच कुणाची आहे का? एकदा आडून नाही म्हणून झालंय का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नाणी खिशात ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा ‘नकोसं’ वागणं बघतो. तुमच्या पुस्तकात कुठली रेषा शुभ होती हे कुठलीही अंतर्गत समिती विचारणार नाही.

एकही बदलती रेषा आली नाही तर?

साधारण शंभरात १८ वेळा असं होतं, बिघाड नाही तो. मुख्य वचन वाचा आणि तेवढ्यावर थांबा. माझा अनुभव असा की अशा वेळी परिस्थिती बरीचशी बसलेली असते आणि माणसाला उगाच हालचाल हवी असते.

‘थांब’ आलं. आठवड्याने पुन्हा विचारू का?

काही बदललंय का? तेवढं सांगा. बदली झाली, प्रोजेक्ट संपलं, त्याने स्वतःहून काही बोलून दाखवलं, तर तो नवा प्रश्न आहे, खुशाल विचारा. नुसतं उत्तर आवडलं नाही म्हणून विचारणार असाल तर चौथा हेक्साग्राम ‘मंग’ वाचा. त्याच्या मुख्य वचनातच लिहिलंय की पहिल्यांदा विचारलंस तर सांगेन, दोनदा-तीनदा विचारलंस तर ती अवहेलना, आणि मग सांगणार नाही. असं पुन्हा पुन्हा टाकत गेलं की कधी ना कधी हवी ती रेषा पडणारच, हे गणित आहे. माझ्या ओळखीच्या एकाने एका रात्रीत अकरा वेळा नाणी टाकली आणि अकराव्या टाकाचा स्क्रीनशॉट मला पाठवला. आधीचे दहा मी मागितले तर म्हणाला, पुसले.

याबाबतीत नेहमी गैरसमज होणारे आणखी काही हेक्साग्राम?

५४ आणि ५३. ५४ चं नावच लग्न होऊन जाणारी मुलगी असं आहे, त्यामुळे लोक खूश होतात, आणि मुख्य वचन आहे: पुढे गेल्यास अशुभ, काहीच हिताचं नाही. ५३ मध्ये रानहंस पाण्याच्या काठापासून एकेक टप्पा वर सरकतो. मुलीच्या लग्नाला शुभ म्हटलंय, पण सगळा भर टप्प्याटप्प्याने जाण्यावर. सहकाऱ्याच्या बाबतीत ५३ आला तर मी ‘आधी ऑफिसबाहेर एकदा चहा प्या’ असं वाचतो.

६० मधली गंमत तर बघण्यासारखी आहे. पहिली रेषा: अंगणाच्या दाराबाहेर न जाणं, दोष नाही. दुसरी रेषा: वाड्याच्या दाराबाहेर न जाणं, अशुभ. कृती एकच, बाहेर न पडणं. पहिल्या रेषेत वेळ झालेली नाही, दुसरीत वेळ निघून चाललीय. गप्प राहणं चांगलं की वाईट याचं एक उत्तर नाही, हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. आणि त्या दोन रेषा शेजारी शेजारी आहेत, म्हणजे नाण्याच्या एका टाकाने उत्तर फिरतं.

माझा यावर विश्वास नाही, तरी उपयोग होईल का?

होऊ शकतो. उत्तर वाचून पोटात जे होतं ते तरी खरं असतं. ‘थांब’ वाचून सुटल्यासारखं वाटलं तर तुम्हाला सांगायचंच नव्हतं.

थांबल्यावर ‘नाही’ ऐकावं लागलं, तर हेक्साग्राम चुकला का?

मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. एप्रिलमध्ये अभिप्राय लिहून झाले, तो पुन्हा बरोबरीचा झाला, आणि मेच्या शेवटी एका संध्याकाळी बसस्टॉपवर तिने त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. ती घरी आली ती थेट माझ्यावर उखडली: लग्न शुभ लिहिलं होतं ना?

मी तिची मार्चमधली वही काढायला सांगितली. म्हणूनच मी लिहून ठेवायला लावतो, कारण दोन महिन्यांनी आठवणीतला प्रश्न बदललेला असतो. तिला आठवत होतं की तिने ‘त्याला माझ्याबद्दल काही वाटतं का’ असं विचारलं होतं. वहीत ते वाक्य होतं खरं, पण खोडलेलं. त्याच्याखाली ‘या महिन्यात मी त्याला सांगितलं, तर’ असा प्रश्न, सहा आकडे, ‘३१, दुसरी रेषा, पोटरी’ एवढंच. लग्नाचं वचन तिने उतरवूनसुद्धा घेतलं नव्हतं. मार्चच्या प्रश्नाला मार्चचं उत्तर मिळालं होतं; मेमध्ये त्याच्या मनात काय असेल हे कुणी विचारलंच नव्हतं. ते बरोबर होतं हे सिद्ध करता येत नाही, मार्चमध्ये सांगितलं असतं तर काय झालं असतं ते कुणालाच माहीत नाही.

दोन-तीन आठवडे दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायला गेली. मग एक दिवस त्याने तिच्या टेबलावर येऊन विचारलं, आज भाजी कसली आहे. तिने वहीच्या त्याच पानावर खाली तारीख घालून लिहिलंय, ‘दोडका. त्याने अर्धा संपवला.’